फाईल उघडत नाही, एवढंच लिहिलं होतं

शुक्रवारी दुपारी दोननंतर जर्मनीतलं ऑफिस अर्धं रिकामं होतं. जे मागे राहतात, त्यांचंही लक्ष घड्याळाकडे असतं. आमच्या कंपनीत आम्हा प्रोग्रॅमर मंडळींवर आळीपाळीने एकेक आठवडा ‘तिकिटां’ची पाळी येते. तिकीट म्हणजे सहकाऱ्यांनी नोंदवलेली तक्रार किंवा काम. प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरला, नव्या माणसाला लॅपटॉप हवा, असलं सगळं. त्या शुक्रवारी माझ्या यादीत शेवटचं तिकीट उरलं होतं. हिशेब विभागातल्या एका बाईंनी लिहिलं होतं: ‘पुरवठादाराने पाठवलेली कोटेशनची फाईल सकाळपासून उघडत नाही. दोनदा लॉगिन करून बघितलं, पान कोरंच येतं. घाई नाही.’

महत्त्व : कमी. प्रकार : ऑफिस सॉफ्टवेअर. माझं उत्तर जवळजवळ टाईप करून झालं होतं. ब्राउझरची साठवण साफ करा, नाही जमलं तर सोमवारी बघू. ते पाठवून तिकीट बंद केलं असतं, तर कुणी मला बोललंही नसतं. मी थांबलो तो ‘दोनदा लॉगिन करून’ या तीन शब्दांवर. एका साध्या कोटेशनची फाईल बघायला पासवर्ड कशाला लागतो? आणि पासवर्ड बरोबर होता, तर पान कोरं का?

हे तिकीट फिशिंगची तक्रार होतं. फक्त तक्रार करणारीला ते ठाऊक नव्हतं.

या सदरात एरवी व्हिसा, भाडेकरार, मुलांच्या शाळा असे विषय असतात. आज मुद्दाम हा विषय घेतोय. आपल्यापैकी बरेच जण इथे आयटीत आहेत, आणि जे नाहीत त्यांच्याही मेलबॉक्सवर कंपनीचे व्यवहार चालतात. फिशिंग ओळखा, अनोळखी लिंकवर टिचकी मारू नका, हे सगळ्यांना पाठ झालंय. टिचकी मारून झाल्यावर, आणि त्याची तक्रार भलत्याच नावाने आल्यावर काय करायचं, यावर मात्र कुणी बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, फसवणूक यशस्वी होते तेव्हा ती बहुतेकदा ‘कॉम्प्युटर बिघडला’ अशीच दिसते. म्हणून असं तिकीट ‘बिघाड दुरुस्त झाला’ म्हणून बंद करणं, हीच सगळ्यात महागडी चूक ठरते.

याचा जर्मनीतला एक प्रसिद्ध दाखला आहे. हानोफरची हाईझे ही प्रकाशन संस्था ‘त्से-टे’ आणि ‘आयएक्स’ ही कॉम्प्युटरविषयक नियतकालिकं काढते. इतरांना सुरक्षा शिकवणारं हे घर. १३ मे २०१९ रोजी, सोमवारी, हाईझे समूहातल्या एका कर्मचाऱ्याने एक मेल उघडली. मेलमध्ये एका खऱ्याच व्यवहाराचा संदर्भ होता, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. सोबतची वर्ड फाईल उघडल्यावर एक बनावट त्रुटीसंदेश आला आणि ‘संपादन सुरू करा’ अशी सूचना आली. त्याने ते केलं आणि ‘एमोटेट’ नावाचा ट्रोजन आत शिरला. पाठोपाठ त्याने आणखी एक ट्रोजन ओढून आणला. व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमनी आवाज केला, लागण झालेली यंत्रं साफ केली गेली आणि प्रकरण मिटलं असं वाटलं. बुधवारी फायरवॉलच्या नोंदींमध्ये आतल्या यंत्रांचा संशयास्पद सर्व्हरशी संवाद दिसला, तेव्हा कळलं की काहीच मिटलं नव्हतं. शेवटी इंटरनेट तोडावं लागलं आणि नेटवर्कची पुन्हा उभारणी करावी लागली. हाईझेचं कौतुक हे की त्यांनी हे सगळं लपवलं नाही. पुढच्याच महिन्यात स्वतःच तपशिलाने छापलं, इतरांनी शिकावं म्हणून.

यातल्या दोन गोष्टी माझ्या शुक्रवारच्या तिकिटाला तंतोतंत लागू पडतात. पहिली, चोराने आपलं काम ‘त्रुटी’च्या बुरख्याआड केलं. दुसरी, पहिलं यंत्र साफ होणं म्हणजे प्रकरण संपणं नव्हे. सोमवार ते बुधवार या मधल्या काळात सगळं ठीक वाटत होतं, आणि तोच चोराचा कामाचा वेळ होता.

आता त्या दुपारी काय केलं, ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी मी तिकिटाचा प्रकार आणि महत्त्व बदललं आणि त्या बाईंना फोन केला. मेल नाही, चॅट नाही, फोन. कारण त्यांचा मेलबॉक्स चोराच्या हाती असेल तर माझं ‘तुमचं खातं फोडलेलं दिसतंय’ हे वाक्य आधी तोच वाचणार. फोनवर तीनच गोष्टी विचारल्या. किती वाजता? कुठे काय टाईप केलंत? मोबाईलवर काही मंजूर केलंत का? त्या म्हणाल्या, सकाळी साधारण नऊ-वीसला, कंपनीचा पासवर्ड, आणि हो, मोबाईलवर नेहमीसारखं मंजुरीचं विचारलं तेव्हा ‘हो’ म्हटलं. मग गप्प झाल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘मी काही चूक केली का?’

इथे उत्तर नीट द्यावं लागतं. मी म्हटलं, ‘तुम्ही तिकीट टाकलंत हे बरं केलंत, नाहीतर आम्हाला सोमवारपर्यंत कळलंच नसतं.’ ही गोड बोलणी नाहीत. माणूस घाबरला की वेळ चुकीची सांगतो, अर्धवट सांगतो, पुरावा पुसून टाकतो. आणि पुढच्या वेळी तक्रारच करत नाही. मूळ मेल डिलीट करू नका, कुणाला पुढे पाठवू नका, एवढंच त्यांना सांगितलं.

नुसती पुढे ढकललेली मेल तपासाला फारशी उपयोगी नसते. त्यात वरचा मजकूर दिसतो, पण मेल कुठून, कोणत्या सर्व्हरमधून, कधी आली याची मूळ नोंद, म्हणजे हेडर, हरवतं. म्हणून मूळ मेल फाईल म्हणून जतन करायची आणि तिकिटाला जोडायची. त्यातली लिंक उघडून बघायचा मोह टाळायचा. अशा लिंकमध्ये बऱ्याचदा प्रत्येक माणसासाठी वेगळी खूण असते आणि ती उघडली की चोराला कळतं, कुणीतरी चाचपतंय. तिकिटात लिंक लिहिताना `https` ऐवजी `hxxps` लिहायची, म्हणजे उद्या दुसरा सहकारी चुकून त्यावर टिचकी मारणार नाही.

हेडर बघितलं तेव्हा मात्र मी चक्रावलो. खरी नावं बदलून त्याचा गाभा असा:

```
From: Einkauf <einkauf@lieferant.example>
Authentication-Results: mx.firma.example;
  spf=pass smtp.mailfrom=lieferant.example;
  dkim=pass header.d=lieferant.example;
  dmarc=pass
```

तिन्ही ठिकाणी ‘पास’. म्हणजे मेल खरोखरच त्या पुरवठादाराच्या डोमेनवरून आली होती. पुष्कळ जण इथेच हुश्श करतात आणि ‘मेल खरी आहे’ असा शेरा मारून तिकीट बंद करतात. पण या तपासण्या फक्त एवढंच सांगतात की पत्रावरचा पोस्टाचा शिक्का खरा आहे. पत्र कुणी लिहिलं, ते त्या सांगत नाहीत. पुरवठादाराचंच खातं फोडलं गेलं असेल, तर शिक्का खराच येणार. मी पुरवठादाराला फोन केला. नंबर मेलच्या तळाशी दिलेला नाही, तर आमच्या जुन्या करारातला घेतला. पलीकडचा माणूस आधी चिडला, मग थांबला आणि म्हणाला, ‘सकाळपासून तुमच्यासारखे चार फोन आले.’ तोही आमच्यासारखाच फसलेला. म्हणून पाठवणाऱ्याला ब्लॉक करून मोकळं होण्यात अर्थ नव्हता. ब्लॉक करायची होती ती लिंकमधली बनावट साईट.

आता खातं. साधारण समज असा की पासवर्ड बदलला की झालं. इथेच खरी गोम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बाईंनी जे पान बघितलं, ते नुसतं खोटं पान नव्हतं, मध्ये बसलेला दलाल होतं. त्यांनी पासवर्ड टाकला, दलालाने तो त्याच क्षणी खऱ्या साईटला दिला. खऱ्या साईटने मोबाईलवर मंजुरी मागितली, बाईंनी दिली. खऱ्या साईटने ‘या, आत या’ म्हणून जो बिल्ला दिला, तो मात्र दलालाच्या हातात पडला. पासवर्ड ही दाराची किल्ली, आणि हा बिल्ला म्हणजे चालू सत्र. किल्ली बदलली तरी छातीवर बिल्ला लावलेला माणूस आतच राहतो. बाईंना दाखवायला दलालाकडे आता काहीच उरलं नव्हतं, म्हणून पान कोरं. तिकिटातला ‘बिघाड’ तो हाच.

म्हणून क्रम असा ठेवला. आधी खात्याला नवीन लॉगिन बंद, मग पासवर्ड बदल, मग सगळी चालू सत्रं रद्द. मेल क्लाउडवर असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवायची. सत्र रद्द केल्यावरही आधी दिलेला प्रवेश काही वेळा तासभर चालू राहू शकतो. त्यामुळे तासाभराने पुन्हा एकदा नोंदी बघायच्या, ‘रद्द केलं’ असं लिहून उठायचं नाही.

मग लॉगिनच्या नोंदी काढल्या. सकाळी ९.२३ वाजता, बाईंच्या मंजुरीनंतर लगेच, दुसऱ्याच देशातल्या एका भाड्याच्या सर्व्हरवरून लॉगिन. ९.३१ ला खात्याला मंजुरीसाठी आणखी एक मोबाईल ॲप जोडलेलं. हे फार महत्त्वाचं. आपण पासवर्ड बदलून झोपलो असतो, तर चोर ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून पुन्हा आला असता आणि मंजुरी त्याच्याच मोबाईलवर गेली असती. ९.४० ला मेलबॉक्समध्ये एक नवीन नियम. त्याचं नाव फक्त एक टिंब. ज्या मेलमध्ये ‘रेश्नुंग’, म्हणजे बिल, किंवा ‘आयबॅन’ हे शब्द असतील ती वाचलेली म्हणून खूण करायची आणि `RSS-Feeds` या फोल्डरमध्ये हलवायची. त्या फोल्डरकडे कोण बघतं? कुणीच नाही, म्हणून तर तो निवडलेला.

हा नियम बघितल्यावर चोर कशासाठी आला होता ते स्पष्ट झालं. त्याला बाईंच्या मेल वाचायच्या होत्याच, पण त्याहून, त्यांच्या नावाने पैशाचा विषय काढायचा होता, आणि त्यावर येणारी उत्तरं बाईंच्या नजरेला पडू द्यायची नव्हती. ‘पाठवलेल्या’ मेलच्या फोल्डरमध्ये काहीच वावगं नव्हतं. पण तिथे बघून भागत नाही, कारण पाठवून झालेली मेल चोर पुसून टाकतो. मेल सर्व्हरच्या नोंदीत ती राहते. त्या नोंदीत साडेअकराच्या सुमारास आमच्या दोन ग्राहकांना गेलेल्या मेल सापडल्या. मजकूर साधा : आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं बिल या नव्या खात्यावर भरावं.

दोन्ही ग्राहकांना लगेच फोन केले. एकाने मेल वाचलीच नव्हती. दुसऱ्याने नवं खातं नोंदवून ठेवलं होतं आणि सोमवारच्या यादीत आमचं बिल होतं. तेवढ्यात थांबलं. आता युरोपात हा धोका जास्त आहे. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना झटपट हस्तांतरणाची सोय द्यावीच लागते आणि त्यात पैसे काही सेकंदांत पोचतात. सोबत खातेदाराचं नाव आणि आयबॅन जुळतात का हेही बँक दाखवते, ही चांगली गोष्ट. पण ते न जुळल्याची सूचना येते, मनाई होत नाही. ‘नाव थोडं वेगळं दिसतंय, असू दे’ म्हणून माणूस पुढे गेला की पैसे गेले.

इथवर एका माणसाची गोष्ट झाली. तिकीट एकीचं होतं, पण मेल एकीलाच आली असेल कशावरून? हा प्रश्न बंद करण्याआधीच्या प्रश्नांत पहिला ठेवायला हवा. शोध तीन अंगांनी घ्यायचा: पाठवणारा, विषय आणि लिंकमधलं डोमेन. तिसरं अंग सोडायचं नाही, कारण त्याच साईटकडे नेणारी मेल वेगळ्या नावानेही आलेली असू शकते. आमच्याकडे मेल चौदा जणांना आली होती. त्यातल्या तिघांनी लिंक उघडल्याचं नेटवर्कच्या नोंदीत दिसलं. बाई त्यातल्या एक. दुसऱ्याने पान बघून बंद केलं होतं. तिसऱ्या सहकाऱ्याने पासवर्ड टाकला होता, मोबाईलवरची मंजुरी मात्र दिली नव्हती, आणि कुणाला काही बोलला नव्हता. विचारल्यावर म्हणाला, ‘काही झालं नाही ना, म्हणून गप्प बसलो.’ त्याचाही पासवर्ड बदलला, त्याचंही खातं तपासलं. मग उरलेल्या मेल सगळ्यांच्या मेलबॉक्समधून काढल्या. आधी जतन, मग सफाई, हा क्रम उलटा करायचा नाही.

याच टप्प्यावर नोंदी बाहेर काढून ठेवायच्या. लॉगिनच्या नोंदी कायम राहत नाहीत. योजनेप्रमाणे कुठे सात दिवसांत, कुठे तीस दिवसांत त्या आपोआप पुसल्या जातात. पुढच्या महिन्यात पोलिसांनी किंवा विमा कंपनीने विचारलं की हात वर करावे लागतात. आणि एक मर्यादा प्रामाणिकपणे लिहून ठेवायची. चोराने नेमक्या कोणत्या मेल वाचल्या, याची नोंद प्रत्येक ठिकाणी नसते. नोंद नसेल तर ‘काही वाचलेलं दिसत नाही’ असं लिहिणं चूक. ‘सगळा मेलबॉक्स वाचला गेला’ असं धरून पुढचं ठरवायचं.

हे पुढचं म्हणजे कायदा. बाईंच्या मेलबॉक्समध्ये कर्मचाऱ्यांचे पगार, ग्राहकांची नावं, पत्ते, खाते क्रमांक होते. युरोपच्या डेटा संरक्षण नियमावलीचं, जर्मनीत ज्याला ‘डेएसगेफाओ’ म्हणतात त्याचं, ३३ वं कलम सांगतं की वैयक्तिक माहिती फुटल्याचं कळल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत सरकारी देखरेख कार्यालयाला कळवायचं. लोकांच्या हक्कांना धोका संभवत नसेल तरच सूट. शनिवार-रविवार यातून वगळले जात नाहीत. आम्हाला शुक्रवारी दुपारी कळलं, म्हणजे सोमवारी दुपारपर्यंत मुदत. ‘सोमवारी बघू’ या माझ्या न पाठवलेल्या उत्तराची किंमत आता लक्षात येईल. कळवायचं की नाही, हे प्रोग्रॅमरने ठरवायचं नसतं. कंपनीच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याला फोन करायचा आणि त्यांनी ठरवायचं. न कळवण्याचं ठरलं तरी घटना आणि कारण कंपनीत लिहून ठेवणं त्याच कलमात सक्तीचं आहे. आणखी एक जर्मन बारकावा : सहकाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये आपण परस्पर शिरायचं नाही. किती बघायचं, कुणासमोर बघायचं, हे त्या अधिकाऱ्याशी आणि जिथे कामगार परिषद असेल तिथे तिच्याशी ठरलेलं असावं. मी नियम आणि नोंदी बघितल्या, मेलचा मजकूर उघडला नाही.

बाहेर कळवणं हे शेवटचं. बनावट साईट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे, तिला आणि डोमेन विकणाऱ्या कंपनीला गैरवापराची तक्रार करायची. त्यात पूर्ण लिंक, वेळ आणि कोणत्या देशाची वेळ ते, आणि मूळ मेल जोडायची. ‘तुमच्या सर्व्हरवर फसवणूक चालू आहे’ एवढंच लिहिलं तर त्यांच्याकडेही ते एक कमी महत्त्वाचं तिकीट होऊन पडतं! पोलिसांत कंपन्यांसाठी प्रत्येक राज्यात सायबर गुन्ह्यांचा संपर्क विभाग असतो, त्याला ‘झाक’ म्हणतात. तिथे गुन्हा नोंदवायचा. साईट बंद पडेलही, पण चोर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने तीच उभारतो. त्यामुळे तक्रार करायची, पण तिच्यावर विसंबून आतलं काम थांबवायचं नाही.

ते तिकीट मी शुक्रवारी बंद केलं नाही. मंगळवारी केलं. बंद करताना चार ओळींचा शेरा लिहिला. काय आलं आणि कुणाकुणाला. कुणी काय दिलं आणि त्यांच्या खात्यांचं काय केलं. चोराने आत काय केलं, आणि काय केलं असेल ते कळू शकलं नाही. कुणाकुणाला कळवलं, किती वाजता. या चारपैकी एका ओळीत जरी ‘बघायचं राहिलं’ असेल तर तिकीट उघडंच ठेवायचं, असा आमचा आता नियम आहे. सोबत एक नवीन तिकीट उघडलं : हिशेब विभागाला मोबाईलवरच्या ‘हो’ ऐवजी सुरक्षा-किल्ली द्यायची. ही किल्ली साईटचं खरं नाव बघूनच चालते, दलालाच्या पानावर ती चालतच नाही. आणि त्या बाईंना उत्तर लिहिलं, काय झालं ते सगळं सांगून. तक्रार करणाऱ्याला शेवट कळला नाही, तर पुढच्या वेळी तो सुरुवातही करत नाही.

याला आडवं येतं ते आपल्याच कामाचं मोजमाप. किती तिकिटं, किती वेळात बंद केली, याचे आलेख दर महिन्याला भिंतीवर लागतात. त्या आलेखात माझं हे तिकीट चार दिवस लाल रंगात होतं आणि ब्राउझर साफ करायला सांगून बंद केलेलं तिकीट हिरवं दिसलं असतं. जे कुणी संघप्रमुख किंवा व्यवस्थापक हे वाचत असतील, त्यांना विनंती आहे की ‘लॉगिन केलं आणि काही झालं नाही’ अशा तिकिटांना या घड्याळातून वगळा.

आता घरचं. भारतातल्या आपल्या माणसांचं तिकीट फोनवर येतं. ‘अरे, गाडीच्या चलानाची ती फाईल डाउनलोड केली, पण उघडतच नाहीये. तू जरा सांग ना कशी उघडायची.’ सांगलीहून आईचा हा फोन मला आला, तेव्हा तोंडावर आलंच होतं, ‘आई, मोबाईल बंद करून चालू कर.’ ही फाईल म्हणजे बनावट चलानाचं ॲप. ते उघडलेलं दिसत नाही, पण मोबाईलवर बसतं आणि बँकेचे ओटीपी वाचू शकतं. ऑफिसातल्या तिकिटासारखंच इथेही ‘उघडत नाही’ याचा अर्थ ‘काही झालं नाही’ असा नाही. आईला मोबाईल विमान-मोडवर टाकायला सांगितलं आणि शेजारच्या काकूंच्या फोनवरून बँकेला फोन करून खातं थांबवायला लावलं, कार्डामागचा नंबर बघून. पैसे गेले नव्हते. गेले असते तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचं आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. जितकं लवकर कळेल, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवण्याची शक्यता जास्त. मूळ मेसेज पुसायचा नाही, त्याचा फोटो काढून ठेवायचा. जर्मनीत आपल्याच कार्डाचं किंवा खात्याचं असं झालं तर ११६ ११६ हा थांबवण्याचा क्रमांक आहे, आणि फसवी मेल phishing@verbraucherzentrale.nrw या पत्त्यावर पाठवता येते. ग्राहक केंद्र त्यावरून इतरांना सावध करतं.

आणि आईलाही तोच प्रश्न विचारला, जो ऑफिसात विचारायला मला थोडा उशीर झाला होता. ‘आणखी कुणाला आलंय का गं हे?’ आई म्हणाली, ‘आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरच आलंय की. जोशी काका म्हणाले, त्यांचीपण उघडत नाहीये.’

मग त्या संध्याकाळी जोशी काकांना फोन केला.